विश्लेषण : वाय-फायचे नाव, वाय-फायचा पासवर्ड आणि राऊटरचे अॅडमिन लॉगिन… तिन्हींत फरक काय?

‘वाय-फायचा पासवर्ड बदलून टाका’ हा सल्ला सगळेच देतात. पण राऊटरशी संबंधित पासवर्ड एक नसून किमान दोन असतात आणि त्यांची गल्लत झाली की चालू असलेले इंटरनेटही बंद पडू शकते. राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या छोट्या लेबलवर काय लिहिलेले असते, त्यातले कोणते कशासाठी आणि कोणते बदलले की काय होते, याविषयी…

गोंधळ नेमका कुठे होतो?

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. सांगलीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका. घरात फायबर इंटरनेट आहे. जोडणी करायला आलेल्या मुलाने सोपे जावे म्हणून त्यांचाच मोबाइल नंबर वाय-फायचा पासवर्ड म्हणून टाकून दिला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना तो कधीतरी सांगितला गेला, त्यांच्याकडून त्यांच्या मित्रांना कळला. आता संध्याकाळी व्हिडीओ अडकू लागला आहे. पुण्याहून मुलाचा फोन येतो, ‘‘आई, राऊटरचा पासवर्ड बदल. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाक आणि लॉगिन कर.’’

बाई सांगितल्याप्रमाणे करतात. समोर एक पान उघडते. त्यावर दोन रकाने असतात, एक नावाचा आणि एक पासवर्डचा. पहिल्यात त्या वाय-फायचे नाव भरतात आणि दुसऱ्यात रोजचा वाय-फायचा पासवर्ड. उत्तर येते : चुकीचे आहे. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. पाचव्या प्रयत्नानंतर ते पान काही मिनिटांसाठी कुलूपबंद होते. शेजारचे कोणी तरी सांगते, ‘‘काकू, मागे एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दाबा, सगळे पहिल्यासारखे होईल.’’ टाचणी दाबली जाते आणि घरातले इंटरनेट बंद पडते.

यात बाईंनी कुठलाही वेडेपणा केलेला नाही. मुलाने ‘राऊटरचा पासवर्ड’ म्हटले ते वाय-फायच्या पासवर्डला, पण पत्ता दिला तो वेगळ्याच दाराचा. त्या दाराची किल्ली वेगळी असते, हे सांगायचे राहून गेले.

लेबलवर काय लिहिलेले असते?

राऊटर उलटा केला की तळाशी किंवा मागे एक पांढरे लेबल दिसते. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, पण मजकूर साधारण असा असतो :

```
SSID: FIBER_4A7C
Wi-Fi Key: 83k2mw9d
Login: http://192.168.1.1
Username: admin
Password: admin
```

पहिली ओळ म्हणजे नेटवर्कचे नाव. दुसरी ओळ म्हणजे वाय-फायचा पासवर्ड. शेवटच्या तीन ओळी मिळून अॅडमिन लॉगिन होते : कोणत्या पत्त्यावर जायचे, तिथे कोणते नाव टाकायचे आणि कोणता पासवर्ड टाकायचा. गंमत अशी की ज्याला घरात सगळे ‘पासवर्ड’ म्हणतात, त्याच्यापुढे लेबलवर बहुधा Key, Passphrase किंवा WPA Key असे काही लिहिलेले असते. आणि जिथे थेट Password लिहिलेले असते, तो असतो अॅडमिनचा. अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो.

घराच्या भाषेत सांगायचे तर नेटवर्कचे नाव म्हणजे दारावरची पाटी. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली, जी घरातल्या प्रत्येकाकडे असते आणि पाहुण्यालाही दिली जाते. अॅडमिन लॉगिन म्हणजे पाटी बदलण्याचा आणि कुलूप बदलण्याचा अधिकार. तो घरात एकाकडेच असतो किंवा असायला हवा.

नेटवर्कचे नाव : त्याने सुरक्षा मिळते का?

फोनमधले वाय-फाय सुरू केले की जी यादी दिसते, ती नावांची यादी. राऊटर हे नाव सतत हवेत पुकारत असतो, म्हणून ते शेजाऱ्यालाही दिसते. ते गुप्त नसते आणि तसे असणे अपेक्षितही नाही.

या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, म्हणून इंग्रजीत ३२ अक्षरांपर्यंत नाव देता येते. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेलाही वेगळे ३ बाइट लागतात. ‘माझे घर’ एवढ्या नावालाच १९ बाइट खर्च होतात. त्यामुळे मराठीत नाव देता आले तरी ते लहानच ठेवावे लागते, आणि काही जुन्या टीव्हींवर, प्रिंटरवर ते विचित्र चिन्हांसारखे दिसू शकते.

नाव लपवून ठेवण्याची सोय बहुतेक राऊटरमध्ये असते. पण त्याने संरक्षण मिळत नाही. यादीत नाव दिसले नाही तरी राऊटरच्या लहरी हवेत असतातच, आणि साधी साधने वापरून ते नेटवर्क शोधता येते. उलट घरातल्या फोनला मात्र ते लपलेले नाव जाईल तिथे पुकारत फिरावे लागते.

आणखी एक गोष्ट. नाव म्हणजे ओळखपत्र नव्हे. कोणीही आपल्या राऊटरला किंवा मोबाइल हॉटस्पॉटला कोणतेही नाव देऊ शकतो. रेल्वे स्थानकावर किंवा उपाहारगृहात ओळखीचे नाव दिसले म्हणून ते नेटवर्क त्यांचेच आहे, असे समजता येत नाही. फोननंबर, पूर्ण नाव, सदनिकेचा क्रमांक अशा गोष्टी मात्र नावात घालू नयेत. पाटी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येते.

वाय-फायचा पासवर्ड : मोबाइल नंबर का चालत नाही?

हा पासवर्ड फोन आणि राऊटर यांच्यामधला आहे. तो एकदा बरोबर टाकला की फोन लक्षात ठेवतो. तो नुसता प्रवेशासाठी नसतो. फोन आणि राऊटर यांच्यात हवेतून जाणारी माहिती सांकेतिक करण्यासाठी लागणाऱ्या किल्ल्याही त्याच्याच आधारे ठरतात. २००४ पासून वापरात असलेल्या WPA2 या पद्धतीत तो किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असावा लागतो. राऊटर त्याहून लहान पासवर्ड स्वीकारतच नाही.

मग दहा आकडी मोबाइल नंबर पुरेसा का नाही? लांबीचा नियम तो पाळतो, पण भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. हा आकडा माणसाला अफाट वाटतो. पण WPA2 मध्ये एखादा फोन नेटवर्कला जोडला जात असताना होणारी देवाणघेवाण बाहेरचा कोणी टिपून घेऊ शकतो आणि नंतर आपल्या घरी बसून एकेक नंबर लावून पाहू शकतो. हे प्रयत्न राऊटरवर होत नाहीत, त्यामुळे राऊटर ते अडवू शकत नाही. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक ४०० कोटी शक्यता काही तासांत संपवू शकतो. आणि जो ओळखीचा आहे, त्याला तेवढेही कष्ट नाहीत. नंबर त्याच्या फोनमध्येच साठवलेला असतो.

२०१८ मध्ये आलेल्या WPA3 पद्धतीत असे घरी बसून अंदाज लावणे अडवलेले आहे. मात्र त्यासाठी राऊटर आणि फोन दोन्ही त्या पद्धतीचे असावे लागतात. तोपर्यंत एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द आणि दोन-तीन आकडे जोडून केलेला लांब पासवर्ड हा साधा उपाय आहे. तो लक्षात राहतो आणि पाहुण्याला सांगताही येतो.

पाहुण्याला पासवर्ड सांगण्याऐवजी फोनवरचा क्यूआर कोड दाखवण्याची सोय आता आहे. पण त्या कोडमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांतच लिहिलेला असतो. त्याचा फोटो कोणाच्या व्हॉट्सअॅप गटात गेला, तर पासवर्डच गेला असे समजावे.

अॅडमिन लॉगिन : इथे काय दडलेले असते?

192.168.1.1 हा पत्ता बाहेरच्या इंटरनेटवरचा नाही. तो घरातल्याच राऊटरचा, घरापुरता पत्ता आहे. सांगलीतल्या घरात तो टाकला तर सांगलीतला राऊटर उघडतो, पुण्यातल्या घरात टाकला तर पुण्यातला. म्हणूनच मुलाला पुण्यात बसून आईचा राऊटर या पत्त्याने उघडता आला नसता. काही राऊटरचा पत्ता 192.168.0.1 किंवा आणखी वेगळा असतो.

या पानावर आत गेले की नेटवर्कचे नाव आणि वाय-फायचा पासवर्ड दोन्ही बदलता येतात. घरात किती उपकरणे जोडलेली आहेत, ते दिसते. आणि आणखी एक नाजूक गोष्ट तिथे असते, ती म्हणजे डीएनएसची नोंद. बँकेचे संकेतस्थळ उघडायला सांगितले की फोन कोणाला पत्ता विचारणार, हे त्या नोंदीवरून ठरते. ती कोणी बदलली, तर फोनवर काहीही न बदलता घरातली सगळी उपकरणे चुकीच्या माणसाला रस्ता विचारू लागतात.

खरी जोखीम इथे आहे. ज्याच्याकडे वाय-फायचा पासवर्ड आहे, तो घराच्या नेटवर्कमध्ये आलेलाच असतो. त्याने 192.168.1.1 उघडले आणि admin, admin टाकून पाहिले, आणि लेबलवरचे हे नाव-पासवर्ड कधी बदललेलेच नसतील, तर तो आत शिरतो. मग तो पासवर्ड बदलून घरमालकालाच बाहेर काढू शकतो. म्हणजे मालकाने वाय-फायचा पासवर्ड कितीही अवघड ठेवला, तरी ज्याला तो एकदा सांगितला त्याच्यासाठी पुढचे दार उघडेच राहते.

कारखान्यातून आलेले नाव-पासवर्ड तसेच ठेवले की काय होते, हे २०१६ मध्ये जगाने पाहिले. ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने इंटरनेटवरून पोहोचता येणारे कॅमेरे, व्हिडीओ रेकॉर्डर आणि राऊटर शोधले आणि साठाहून अधिक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्यांच्यावर लावून पाहिल्या. अशा रीतीने ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जोरावर त्या वर्षी २१ ऑक्टोबरला ‘डिन’ या डीएनएस सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. त्यानंतर कायदेही आले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सगळ्या उपकरणांना एकच सरधोपट पासवर्ड देऊन ती विकण्यावर बंधने आहेत. त्यामुळे नव्या राऊटरच्या लेबलवर प्रत्येकाचा वेगळा अॅडमिन पासवर्ड छापलेला अनेकदा दिसतो. जुन्या राऊटरवर मात्र अजूनही admin हेच असू शकते.

टाचणी दाबल्यावर इंटरनेट का गेले?

सांगलीतल्या घरात परत जाऊ. राऊटरवरचे ते बारीक भोक म्हणजे रीसेटचे बटण. ते साधारण दहा सेकंद दाबून धरले की राऊटर कारखान्यातून आला तसा होतो. नाव, वाय-फायचा पासवर्ड आणि अॅडमिन पासवर्ड पुन्हा लेबलवरच्यासारखे होतात. इथपर्यंत शेजाऱ्याचे म्हणणे बरोबर होते.

पण अनेक जोडण्यांमध्ये राऊटरच्या आत आणखी एक नाव-पासवर्ड साठवलेला असतो. तो इंटरनेट कंपनीने दिलेला असतो आणि राऊटर तो वापरून कंपनीकडे आपली ओळख पटवतो. स्क्रीनवर त्याच्या जवळ PPPoE असे लिहिलेले असते. हा लेबलवर नसतो, कारण तो ग्राहकागणिक वेगळा असतो आणि जोडणीच्या दिवशी भरला जातो. रीसेट केल्यावर तोही पुसला जातो. मग वाय-फाय दिसते, फोन जोडलाही जातो, पण ‘इंटरनेट नाही’ असा संदेश येतो. राऊटरवरचा फायबरचा दिवा ठीक असतो आणि इंटरनेटचा दिवा मात्र लागत नाही. ही खूण दिसली की तार तुटलेली नाही, नोंद पुसली गेली आहे, असा अंदाज करता येतो. बाईंना कंपनीचा माणूस येईपर्यंत दोन दिवस थांबावे लागले. त्याने येऊन दोन रकाने भरले आणि पाच मिनिटांत इंटरनेट सुरू झाले.

म्हणून रीसेट हा शेवटचा उपाय. त्याआधी कंपनीला फोन करून हे नाव-पासवर्ड विचारून वहीत लिहून ठेवावे.

बदल करायचा तर कोणत्या क्रमाने?

प्रथम फोन घरच्या वाय-फायला जोडलेला आहे, याची खात्री करावी आणि मोबाइल डेटा बंद करावा. डेटावर असताना 192.168.1.1 उघडत नाही, आणि ‘पान सापडत नाही’ या तक्रारीचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. पत्ता लेबलवर नसेल तर फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडावा. अँड्रॉइडवर Gateway आणि आयफोनवर Router या शब्दापुढे तो दिसतो. पत्ता शोधाच्या चौकटीत न टाकता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत http:// सकट टाकावा. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येऊ शकतो. घरातल्या राऊटरचे पान साध्या पद्धतीचे असते, त्यामुळे तो इथे अपेक्षित आहे.

आत गेल्यावर आधी अॅडमिन पासवर्ड बदलावा. तो Administration, Maintenance किंवा System अशा शीर्षकाखाली सापडतो. तो बदलल्यावर घरातला एकही फोन तुटत नाही, कारण फोनला त्याची गरजच नसते. फक्त ते पान नव्या पासवर्डने पुन्हा लॉगिन करायला सांगते.

त्यानंतर Wireless किंवा WLAN मध्ये जाऊन वाय-फायचा पासवर्ड बदलावा. Save दाबताच हातातला फोनही वाय-फायवरून तुटतो आणि पान अडकल्यासारखे दिसते. काही बिघडलेले नसते. जुनी किल्ली निकामी झाली, एवढाच त्याचा अर्थ. हे काम नंतर करायचे ते यासाठीच. आधी केले असते तर पुन्हा जोडून, पुन्हा लॉगिन करावे लागले असते. राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्क दाखवत असेल, तर दोन्हींचा पासवर्ड बदलावा. एकाचा राहिला तर जुने लोक त्या बाजूने जोडलेलेच राहतात.

आता टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर सगळ्यांना नवा पासवर्ड द्यावा लागेल. नाव तेच ठेवले तर काही फोन जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा लावत बसतात. अशा वेळी फोनमध्ये ते नेटवर्क ‘विसरा’ म्हणून सांगावे आणि नव्याने जोडावे. याचीच दुसरी बाजू कामाची आहे : नुसता राऊटर बदलला आणि नव्याला जुनेच नाव, जुनाच पासवर्ड आणि तीच सुरक्षा पद्धत दिली, तर घरातली उपकरणे सहसा आपणहून जोडली जातात.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही राऊटरमध्ये ग्राहकाला मर्यादित अधिकाराचेच लॉगिन मिळते आणि पूर्ण अधिकार कंपनीकडे राहतो. तिथे नाव आणि वाय-फायचा पासवर्ड कंपनीच्या मोबाइल अॅपवरूनही बदलता येतो. पण त्या अॅपमध्ये शिरण्याचा पासवर्ड आणखी वेगळा. त्याने घरातला एकही फोन वाय-फायला जोडला जाणार नाही.

कोणता पासवर्ड कुठला, हे पटकन कसे ओळखावे?

पासवर्ड कोण मागतो आहे, ते पाहावे. फोनने नेटवर्कच्या यादीतून एखादे नाव निवडल्यावर मागितला, तर तो वाय-फायचा. तिथे फक्त एकच रकाना असतो. ब्राउझरमध्ये आकड्यांचा पत्ता टाकल्यावर मागितला, तर तो अॅडमिनचा. तिथे बहुतेक वेळा नावाचाही रकाना असतो, आणि त्या नावाचा वाय-फायच्या नावाशी काही संबंध नसतो. बाईंची चूक नेमकी इथे झाली होती.

सांगलीतल्या घरात आता नवा वाय-फाय पासवर्ड आहे. भाडेकरूंसाठी त्याच राऊटरवर ‘गेस्ट’ नेटवर्क वेगळ्या नावाने सुरू केले आहे. त्याचा पासवर्ड वेगळा आहे, आणि त्या बाजूने राऊटरचे पान उघडत नाही. ही सोय आपल्या राऊटरवर आहे का, हे त्याच Wireless पानावर Guest हा शब्द शोधून कळते. बाईंच्या वहीत चार ओळी आहेत : नाव, वाय-फाय पासवर्ड, अॅडमिन लॉगिन आणि कंपनीचे नाव-पासवर्ड. मुलाचा पुन्हा फोन आला आणि तो ‘पासवर्ड सांग’ म्हणाला, तेव्हा बाईंनी आधी विचारले, ‘‘अरे, पण कुठला?’’